क्षार, आम्ल आणि पाणी : दक्षिण व मध्य मुंबईतील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या स्वच्छतेचा इतिहास

प्रस्तावना

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील मराठी घरांत तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या जुन्या पद्धतीचा उल्लेख निघाला, की चिंच, लिंबू आणि राख ही तीन नावे एका दमात घेतली जातात. जणू ही तिन्ही साधने एकाच कामाची होती आणि ज्या घरी जे हाताशी असेल ते वापरले जात होते. त्याच रीतीने पुढील काळातील तयार पुडीचा उल्लेख होतो, तेव्हा या तिन्हींची जागा तिने एकट्याने आणि एकाच वेळी घेतली असे गृहीत धरले जाते. या दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

राख हा क्षार आहे. चिंच आणि लिंबू ही आम्ले आहेत. क्षार आणि आम्ल यांचे काम एकमेकांहून भिन्न आहे, किंबहुना ती एकमेकांना मारक आहेत. म्हणून राख व चिंच ही परस्परांना पर्याय नसून एकाच प्रक्रियेचे दोन टप्पे होते. मुंबई शहराच्या इतिहासात या दोहोंपैकी राख आधी गेली आणि आम्ल मागे राहिले. राख जाण्याचे कारण भांडी घासण्याच्या साधनांत नव्हते, ते स्वयंपाकाच्या इंधनात होते. प्रस्तुत निबंधात ही दोन टप्प्यांची प्रक्रिया कशी होती, ती कशामुळे तुटली आणि बाजारातील तयार द्रव्यांनी तिचा कोणता भाग भरून काढला, याचा विचार केला आहे. चांदीचा प्रश्न तांब्या-पितळेहून निराळा असल्याने तो शेवटी स्वतंत्रपणे मांडला आहे.

१. शास्त्रग्रंथांतील सूत्र

धातूची भांडी शुद्ध करण्याविषयीचे नियम धर्मशास्त्राच्या ग्रंथांत द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात येतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी यांनी, ज्या धातूला जे योग्य असेल त्याप्रमाणे करावी, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही कथील, शिसे व तांबे यांच्याविषयी हीच तीन साधने येतात. त्याच अध्यायात मनुस्मृती सोन्याविषयी, तसेच नक्षीकाम नसलेल्या चांदीविषयी वेगळा नियम देते. त्यांना लेप लागलेला नसेल तर केवळ पाणी पुरे.

या ग्रंथांना अभिप्रेत असलेली शुद्धी म्हणजे आजच्या अर्थाची स्वच्छता नव्हे. तिच्यात स्पर्शास्पर्शाच्या आणि वर्णभेदाच्या कल्पना गुंतलेल्या आहेत. धातूचे भांडे शुद्ध करून पुन्हा वापरता येते, मातीचे टाकावे लागते, हा भेदही त्याच विचारातून आलेला आहे. तथापि त्या चौकटीच्या आत एक व्यवहारज्ञान नोंदले गेले आहे, आणि येथे त्याचेच महत्त्व आहे. क्षार आणि आम्ल यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यानंतर पाणी आहे, आणि चांदी या यादीत नाही. मुंबईच्या चाळीतील मोरीत विसाव्या शतकात जे घडत होते, त्याचा आराखडा या सूत्रात जवळजवळ पूर्णपणे सापडतो.

२. धातू, बाजार आणि घर

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यापार मुंबादेवीच्या परिसरात एकवटला होता. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथात मुंबादेवीच्या तलावासमोरील तांब्याच्या बाजाराचे वर्णन शहरातील अतिशय गजबजलेला व ठोकाठोकीच्या आवाजाने भरलेला रस्ता असे केले आहे. पायधुणीजवळचे ‘तांबाकाटा’ हे स्थलनाम त्याच व्यापाराची खूण आहे. गिरगावातील पांढरपेशा घरांना हा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर होता. परळ-लालबागच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा व अन्य जिल्ह्यांतून आलेला कामगार गावाकडून एखादा तांब्या व परात बरोबर आणी, आणि संसार मांडल्यावर त्यात हंडा, कळशी, पातेली यांची भर पडे.

या भांड्यांचे दोन वर्ग ध्यानात घ्यावे लागतात. पाण्याचा हंडा, घागर, तांब्या ही भांडी आतून-बाहेरून उघड्या धातूची असत. स्वयंपाकाच्या पातेल्यांना मात्र आतून कथलाची कल्हई केलेली असे. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागर टाकी व कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून फिरवी. ही कल्हई उडाली, की आंबट पदार्थ त्या भांड्यात ‘कळकतो’. ताक, आमटी किंवा चिंचेचे सार पितळेच्या उघड्या पृष्ठाला लागून हिरवट पडते, त्याला तुरट-कडवट धातूची चव येते आणि ते खाल्ल्यास मळमळते. आम्लामध्ये तांब्याचे संयुग विरघळून अन्नात उतरते, हे त्याचे कारण.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. अन्नात जी क्रिया घातक म्हणून टाळली जाई, तीच क्रिया घासताना मुद्दाम घडवून आणली जाई. चिंच भांड्याच्या आत शिजवायची असेल तर कल्हई हवी. तीच चिंच भांड्याला बाहेरून चोळायची असेल तर कल्हई नको. कल्हई असलेल्या पातेल्याची आतली बाजू राखेने किंवा चिंचेने खरवडून घासू नये, हा दंडक याच ज्ञानाचा भाग होता. खरवडल्याने कथील लवकर झिजते आणि कल्हईवाल्याला वेळेआधी बोलवावे लागते.

३. प्रक्रियेचे दोन टप्पे

ही प्रक्रिया प्रत्यक्ष कशी चालते हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. गणेशचतुर्थीच्या आधी देवघरातील भांडी काढून घासण्याची रीत गिरगावापासून लालबागपर्यंत सर्वत्र आहे. त्यांत पितळेची समई आणि तांब्याचे ताम्हन ही दोन भांडी घेतली, तर संपूर्ण प्रक्रियेचा उलगडा होतो.

समईवर दोन प्रकारचा मळ असतो. वरचा थर तेलाचा. दिव्याचे तेल उष्णतेने व हवेने आटून चिकट, तपकिरी कीट बनते. त्याखाली धातूचा स्वतःचा मळ, म्हणजे तांबे व हवा यांच्या संयोगाने झालेला काळपट थर असतो. चिंच या दुसऱ्या थरावर काम करते; पहिल्यावर तिचा काही परिणाम होत नाही, कारण तेलकट पृष्ठावर आम्लाचे पाणी टिकतच नाही. समई चिंचेने कितीही घासली तरी डाग राहतात अशी तक्रार असते, तिचे मूळ बहुधा येथे असते. म्हणून पहिला टप्पा क्षाराचा. समईचे भाग सुटे करून ते गरम पाण्यात ठेवावयाचे, आणि चाळलेली मूठभर राख ओल्या काथ्यावर किंवा नारळाच्या शेंडीवर घेऊन चोळावयाचे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा विद्राव्य क्षार असतो. तो तेलाशी संयोग पावून काही अंशी साबणच तयार करतो; ओली राख बोटांना निसरडी लागते ती या क्षारामुळे. राखेतील न विरघळणारा बारीक भाग, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, घासण्याचे काम करतो. तेल निघाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. भांड्यावर पाणी ओतले असता ते थेंबाथेंबाने न थांबता सलग पसरले, तर पृष्ठ तेलमुक्त झाले असे समजावे.

सर्व राखा सारख्या नसतात हेही अनुभवाने ठाऊक होते. गोवरीच्या राखेत आणि त्याहून अधिक भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका असते. ती अधिक कापते, म्हणून लोखंडी तव्याला किंवा जाड बुडाच्या पातेल्याला चांगली, पण नक्षीच्या ताम्हनाला वाईट. दगडी कोळशाच्या राखेत विद्राव्य क्षार फारसा नसतो आणि खडे मात्र असतात. तिने तेल निघत नाही आणि चरे पडतात. लाकडाची किंवा लोणारी कोळशाची राख फडक्यातून गाळून वापरणे हे त्यातल्या त्यात निर्धोक.

दुसरा टप्पा आम्लाचा. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून कोळ काढावा आणि त्यात चिमूटभर मीठ घालावे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. लिंबाचा रस पातळ असल्याने उभ्या पृष्ठावरून ओघळून जातो. चिंचेचा कोळ चिकटून राहतो आणि आम्लाला काम करण्यास वेळ देतो. समईच्या दांड्यासाठी चिंच आणि नक्षीच्या खोबणीसाठी पिळलेल्या लिंबाचे साल, ही वाटणी यातूनच सोयीची ठरते. कोकणातून आलेल्या घरांत चिंचेऐवजी आमसुलाचा चोथाही चालतो. मिठामुळे तांब्याचे संयुग विरघळण्यास मदत होते, म्हणून काळा थर लवकर सुटतो.

तांबे आणि पितळ यांत वेळेचा भेद आहे. ताम्हनावर कोळ चार-पाच मिनिटे राहिला तरी बिघडत नाही. पितळ मात्र तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे, आणि आंबट व खारट पाण्यात जस्त आधी निघून जाते. पितळेवर कोळ एक-दोन मिनिटांपेक्षा अधिक काळ, विशेषतः वाळेपर्यंत राहिला, तर पिवळ्या पृष्ठावर गुलाबी-तांबूस डाग उठतात. हे डाग मळाचे नसतात. तेथील जस्त गेले आणि तांबे उरले, असा त्यांचा अर्थ असतो. ते घालविण्यासाठी पुन्हा चिंच लावली तर ते वाढतात. बारीक राखेने किंवा रांगोळीने वरचा थर घासून काढणे एवढाच उपाय राहतो.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त विस्मरणात गेली आहे. चिंचेनंतर भांडे पाण्याने धुऊन पुन्हा एकदा हलक्या हाताने राख फिरवावयाची, मग भरपूर पाण्याने धुवावयाचे आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कोरडे करून उन्हात ठेवावयाचे. या दुसऱ्या राखेचे काम घासणे नव्हे. नक्षीत, काठाच्या दुमडीत आणि समईच्या आट्यांत जे आम्ल व मीठ अडकलेले असते, त्यातील आम्ल ही राख मारते आणि दोन्ही वाहून जाण्यास मदत करते. आम्ल मारले गेले नाही, तर नुकतेच लख्ख झालेले भांडे मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत एका रात्रीत पुन्हा मळकट होते. मीठ राहिले असेल तर आट्यांत हिरवे जंगाल धरते. चिंचेने घासलेले भांडे दुसऱ्या दिवशी काळे पडते, हा जो दोष चिंचेला दिला जातो, तो वस्तुतः आम्लाचा नसून त्याच्या पाठोपाठ क्षार न आल्याचा आहे.

४. राख कशी गेली

राख विकत घ्यावी लागत नसे. ती स्वयंपाकाचे उपउत्पादन होती. चूल किंवा शेगडी पेटली की राख आपोआप मिळे. ती चाळून डब्यात भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली जाई आणि बाकीची टाकून दिली जाई. म्हणून राखेचा इतिहास हा इंधनाचा इतिहास आहे.

गिरगावातील व दादरमधील घरांत लाकूड व लोणारी कोळसा यांच्या जोडीला रॉकेलचा स्टोव्ह आला, तेव्हा राखेचा पुरवठा पहिल्यांदा आटला. गॅस तर मुंबईला त्याआधीच परिचित होता. बॉम्बे गॅस कंपनीने १८६५ मध्ये शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे लावले. लालबागमधील ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव त्या उद्योगाची आठवण ठेवून आहे. दगडी कोळशापासून केलेला हा वायू पुढे काही घरांत स्वयंपाकासाठीही गेला. परंतु सर्वसामान्य मध्यमवर्गीय स्वयंपाकघर बदलले ते सिलिंडरमुळे. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत द्रवरूप गॅसची विक्री सुरू केली, आणि पुढील तीन दशकांत तो क्रमाने चाळींपर्यंत पोहोचला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने नंतर नळाचा गॅस आणला. या ज्वाळेला राख नसते.

गिरणगावात हा बदल उशिरा व असमान झाला. एकेका खोलीत अनेक कामगार राहत आणि ते खानावळीत जेवत. खानावळ चालविणाऱ्या बाईकडे मोठी पितळी पातेली, लाकूड-कोळशाची चूल आणि त्यामुळे राखेचा भरपूर साठा असे. तेथे भांडी घासणे हा रोजच्या श्रमाचा मोठा भाग होता. राखेचा क्षार हाताची कातडी कोरडी करून फोडी आणि त्या भेगांत चिंचेचे पाणी झोंबे. मध्यमवर्गीय घरांत हेच काम रामागडी किंवा मोलकरीण करी. जुन्या पद्धतीच्या गुणांचा विचार करताना ती कोणाच्या हातांनी चालत होती, हे विसरून चालत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाची ही व्यवस्था मोडत गेली आणि खानावळींची पातेलीही तिच्याबरोबर गेली.

याच काळात स्वयंपाकघरातील धातूही बदलला. आधी ॲल्युमिनियम आणि नंतर स्टेनलेस स्टील आले. पितळेची पातेली मोडीच्या भावाने वजनावर घालून स्टीलची भांडी घेण्याचा प्रघात पडला. स्टीलला कल्हई लागत नाही, त्यात आंबट पदार्थ कळकत नाही, आणि त्याला चिंचेचीही गरज नाही. पितळ घरातून पूर्णपणे गेले नाही. ते स्वयंपाकघरातून देवघरात आणि माळ्यावर गेले. या स्थलांतराचा घासण्याच्या पद्धतीवर खोल परिणाम झाला. रोज वापरात असलेला हंडा रोज राखेने घासला जाई, म्हणून त्यावर मळाचा जाड थर कधी चढतच नसे आणि चिंच क्वचितच लागे. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर येणाऱ्या समईवर मात्र तो थर चढलेलाच असतो. तिला आम्ल प्रत्येक वेळी लागते. अशा रीतीने राख दुर्मीळ होत असतानाच आम्लाची गरज वाढली.

५. तयार द्रव्ये : कोणी कोणाची जागा घेतली

बाजारात आलेल्या द्रव्यांचे त्यांच्या कार्यावरून तीन वर्ग पडतात, आणि ते तिन्ही एकाच वेळी आले नाहीत.

पहिला वर्ग क्षारयुक्त घासणपुडींचा. लीव्हर कंपनीची ‘व्हिम’ ही पूड भारतात १९१३ पासून विकली जात होती. याच कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ मध्ये परळपासून जवळच शिवडीला सुरू झाला. अशा पुडीत साबण किंवा सोडा यांच्या जोडीला दळलेले खनिज चूर्ण असते. रचनेच्या दृष्टीने ही बाजारात विकत मिळणारी राखच होय. एका घटकाने तेल काढावयाचे, दुसऱ्याने घासावयाचे. १९९३ मध्ये आलेल्या व्हिमच्या वडीने हे काम अधिक सोपे केले. तिचा प्रसार स्टीलच्या भांड्यांबरोबर झाला, कारण स्टीलला तेल काढण्यापलीकडे काही लागत नाही. तांब्याचा काळेपणा मात्र तिने जात नाही. त्यासाठी चिंच लागतेच.

दुसरा वर्ग ‘ब्रासो’सारख्या द्रव पॉलिशचा. इंग्लंडमधील हल येथील रेकिट कंपनीने ते १९०५ मध्ये काढले. त्याच्या पारंपरिक रचनेत खनिज तेलासारखे द्रावक, अमोनिया आणि अतिसूक्ष्म घर्षक चूर्ण यांचा समावेश असे. ते मुख्यतः घासून काम करते. दारावरील पितळी पाट्या, कड्या, गणवेशावरील बिल्ले यांवर त्याचा वापर झाला. ते अन्नाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या भांड्यासाठी नाही, आणि नक्षीच्या खोबणीत वाळून पांढरे चूर्ण मागे ठेवते. अमोनियाचा पितळेवरील परिणाम भारतातच एका वेगळ्या प्रसंगी प्रकाशात आला होता. ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ठोकून घडविलेल्या पितळेतील अंतर्गत ताण यांचा तो संयुक्त परिणाम होता, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी दाखवून दिले. पॉलिश लावून लगेच पुसून काढल्यास असा धोका फारसा संभवत नाही. पण ठोकून घडविलेल्या जुन्या भांड्याच्या दुमडीत ते साचू देऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

तिसरा वर्ग आम्लयुक्त पुडींचा, आणि तो सर्वांत शेवटी आला. १९८९ मध्ये रवींद्र प्रभुदेसाई यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या उद्योगाच्या ‘पितांबरी’ या पुडीने महाराष्ट्रात या वर्गाला ओळख मिळवून दिली. पुढे ते नाव त्या जातीच्या सर्वच पुडींसाठी बोलीत रूढ झाले. या प्रकारच्या पुडींत सामान्यतः एखादे घन आम्ल, बारीक खनिज चूर्ण आणि थोडे फेसकारक द्रव्य एकत्र असते. म्हणजे चिंचेचे आम्ल आणि राखेतील घर्षण यांची एकाच पुडीत सांगड घातलेली असते. या पुडीला यश मिळाले ते पितळ स्वयंपाकघरातून जात असताना मिळाले, हे वरवर विसंगत वाटते. पण देवघराच्या पितळेची गरज ध्यानात घेतली की ती विसंगती राहत नाही. सणाच्या आदल्या दिवशी थोड्या वेळात, चिंच भिजविण्याची वाट न पाहता, काळा थर निघावा अशी ती गरज होती.

तयार पुडीच्या मर्यादाही त्या रचनेतूनच उद्भवतात. राखेतील घर्षण तिच्यात आले, परंतु क्षार येऊ शकत नाही, कारण आम्ल व क्षार एका पुडीत ठेवले तर ओलावा लागताच ते एकमेकांना निकामी करतात. म्हणून तेल काढण्याचा पहिला टप्पा आणि आम्ल मारण्याचा शेवटचा टप्पा हे दोन्ही पुडीबाहेरच राहतात. समई आधी साबणाने धुतली नाही तर पूड वाया जाते. आणि पुडीनंतर भांडे केवळ एकदा विसळून ठेवले तर चिंचेप्रमाणेच ते लवकर मळते. येथे राखेची जागा भांड्याच्या साबणाचे पाणी किंवा चमचाभर खाण्याचा सोडा घेऊ शकतो. पितळेवरील गुलाबी डागांचा धोकाही दोन्हीकडे सारखाच आहे. पूड कोरडी चोळून तशीच ठेवल्यास तो अधिक.

अलीकडे तांब्याच्या तांब्यात व बाटलीत रात्रभर पाणी ठेवून पिण्याची प्रथा पुन्हा रूढ झाली आहे. तिच्यासंबंधात या माहितीला आरोग्याचेही महत्त्व येते. आतून लिंबू लावून घासलेल्या तांब्याच्या भांड्यात विरघळलेले तांबे शिल्लक असू शकते. म्हणून ते नीट धुऊन पहिले पाणी टाकून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्याचे मार्गदर्शक प्रमाण दर लिटरला २ मिलिग्रॅम ठेवले आहे. साधे पाणी ठेवल्यास ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही; पण लिंबाचे सरबत किंवा ताक ठेवल्यास गोष्ट वेगळी होते. कळकण्याचा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

६. चांदीचा अपवाद

तांब्यावरील मळ प्रामुख्याने हवेतील प्राणवायूच्या संयोगाचा असतो. चांदीवरील काळेपणा गंधकाच्या संयोगाचा असतो. चिंच-लिंबातील सौम्य आम्ले चांदीचे हे संयुग विरघळवू शकत नाहीत. तरीही लिंबाने चांदी उजळते असा अनुभव काही घरांत सांगितला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. घरगुती चांदी क्वचितच शुद्ध असते. १९४० पर्यंतच्या चांदीच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी आणि उरलेला भाग हीण असे, आणि भांड्यांच्या चांदीतही तांब्याचा हीण असतो. त्या तांब्याचा मळ लिंबाने जातो व भांडे थोडे उजळते. गंधकाचा काळेपणा मात्र राहतो.

म्हणून चांदीसाठी बारीक रांगोळी, दंतमंजन किंवा वस्त्रगाळ राख वापरण्याची रीत पडली. हे सर्व घर्षणाचे उपाय आहेत आणि प्रत्येक घासणीत चांदीचा एक सूक्ष्म थर कायमचा जातो. निरांजनाची नक्षी पिढीगणिक पुसट होते ती यामुळेच. मुलामा दिलेल्या भांड्यांत तर कडांना पिवळा किंवा लाल धातू दिसू लागला, की मुलामा संपला असे समजावे. त्यावर कोणत्याही पॉलिशचा इलाज नाही. गंधकाचे संयुग विरघळविणारी आम्लधर्मी तयार द्रावणे आज मिळतात. ती जलद आहेत, पण अधिक वेळ राहिल्यास पृष्ठ निस्तेज करतात. ॲल्युमिनियमचा पत्रा अंथरलेल्या पातेल्यात गरम पाणी व खाण्याचा सोडा घालून चांदी त्या पत्र्याला टेकवून ठेवली, तर गंधक चांदीला सोडून जातो आणि चांदी झिजत नाही. मात्र मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी त्यात नाहीशी होते आणि लाख भरलेल्या पोकळ वस्तू गरम पाण्यात बिघडतात. निर्लेप चांदीला पाणीच पुरे, हा स्मृतिग्रंथातील नियम झिजेचा विचार केला असता आजही बराचसा ग्राह्य ठरतो. वापरून लगेच धुणे, पुसून कोरडे करणे आणि सुती कापडात गुंडाळून ठेवणे हे घासण्यापेक्षा हिताचे.

निष्कर्ष

दक्षिण व मध्य मुंबईतील भांडी घासण्याच्या इतिहासातून तीन गोष्टी पुढे येतात. राख आणि चिंच ही एकाच क्रमबद्ध प्रक्रियेतील क्षार व आम्ल होती, आणि त्या क्रमात राखेला आरंभी व शेवटी अशी दोन स्थाने होती. ही प्रक्रिया तयार पुडीच्या स्पर्धेत हरली नाही. स्टोव्ह आणि गॅस यांनी तिचा एक घटक पुडी येण्यापूर्वीच काढून घेतला होता. क्षाराची जागा घासणपुडीने व वडीने आणि आम्लाची जागा कित्येक दशकांनंतर आम्लयुक्त पुडीने घेतली. मात्र घासल्यानंतर आम्ल मारण्याची जी पायरी होती, तिची जागा कोणत्याच वेष्टनाने घेतली नाही.

त्यामुळे चिंच चांगली की पूड, हा वाद तितकासा अर्थपूर्ण राहत नाही. दोहोंचे कार्य एकच आहे, दोहोंचे धोकेही बहुतांशी तेच आहेत. फरक पडतो तो त्यांच्या आधी तेल काढले होते की नाही आणि नंतर आम्ल मारून भांडे कोरडे केले होते की नाही, यामुळे. गणपतीसाठी घासलेली समई अनंत चतुर्दशीपर्यंत पिवळीधमक राहते, की ऋषिपंचमीलाच मळू लागते, याचे उत्तर या दोन टप्प्यांत आहे.